गच्चीवर या, पण किती वाजता?

“उद्या कोजागिरी! सगळ्यांनी रात्री गच्चीवर यायचं. मसाला दूध आणि कवितांची मैफल. धमाल करू!”

आश्विनातल्या चतुर्दशीला असा मेसेज मित्रमंडळींच्या ग्रुपवर पडतो आणि त्याखाली तासाभरात प्रश्नांची रांग लागते. उद्या की परवा? कोणाची गच्ची? मुलांना आणायचं का? मी काय आणू? कविता स्वतःचीच हवी का? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र कुणी भिडेपोटी विचारतच नाही. जेवण तिथेच आहे की जेवून यायचं? परिणामी रात्री नऊ वाजता निम्मी मंडळी भुकेली आणि निम्मी तुडुंब, अशी गच्चीवर जमतात. दूध दोघांनाही बाधतं.

कोजागिरीचं आमंत्रण हा खरं तर ताटावरच्या आमंत्रणापेक्षा अवघड प्रकार आहे. जेवणाला वेळ दुपारी एक किंवा रात्री आठ, हे ठरलेलं असतं. इथे तिथी आहे, चंद्र आहे, दूध आहे, दुसऱ्या दिवशीचं ऑफिस आहे, आणि वर प्रत्येकाने काहीतरी वाचायचंही आहे. या सगळ्याचा हिशेब यजमानाने आधी स्वतःशी केला तरच मेसेज नीट लिहिता येतो. म्हणून यंदाच्या कोजागिरीचंच उदाहरण घेऊ. चार मजली सोसायटी, पुण्यातली. वीस माणसं, त्यात पाच-सहा मुलं. मेसेज शेवटी लिहू, आधी हिशेब.

पहिला घोळ तारखेचा. कोजागिरीसाठी मध्यरात्री पौर्णिमा असणं महत्त्वाचं मानतात, सूर्योदयाची तिथी नव्हे. जागरणाचाच सण म्हटल्यावर ते सरळ आहे. लक्ष्मी रात्री फिरते आणि कोण जागं आहे ते विचारते, अशी समजूत आहे. पण बाकीचे बहुतेक सण आपण सूर्योदयाच्या तिथीने धरतो, त्यामुळे गोंधळ उडतो. २०२४ साली हेच झालं. पौर्णिमा लागली १६ ऑक्टोबरला रात्री पावणेनऊच्या आसपास आणि संपली १७ तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास. सतरा तारखेच्या चौकटीत ‘पौर्णिमा’ वाचून ज्यांनी गच्ची ठरवली त्यांना चंद्र गोलच दिसला असणार, पण कोजागिरी आदल्या रात्री होऊन गेली होती. कॅलेंडरात ‘कोजागरी पौर्णिमा’ आणि ‘नवान्न पौर्णिमा’ कधीकधी लागोपाठच्या दोन दिवशी दिसतात, त्याचंही मूळ हेच. एक रात्रीवरून ठरते, दुसरी दिवसावरून.

यंदा, म्हणजे २०२६ साली, हा पेच नाही. पौर्णिमा रविवारी २५ ऑक्टोबरला दुपारी बाराच्या सुमारास लागते आणि सोमवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास संपते. मधली रात्र एकच, रविवारची. अधिक ज्येष्ठामुळे सगळेच सण उशिरा आले आहेत, म्हणून कोजागिरीही ऑक्टोबरच्या शेवटाला गेली. हे गच्चीच्या दृष्टीने बरंच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोजागिरी आली की परतीचा पाऊस डोक्यावर असतो. पंचवीस तारखेपर्यंत तो बहुधा आवरतो. मात्र दव पडायला लागतं. रात्री अकरानंतर सतरंजीवर हात फिरवून पाहा, ओलसर लागेल. खाली प्लॅस्टिकचं ताडपत्र आणि वर सतरंजी, एवढी तयारी हवीच.

मेसेजमध्ये तिथीचं पुराण लिहायचं नाही. “रविवार, २५ ऑक्टोबर” एवढंच लिहायचं, वार आणि तारीख दोन्ही. ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द या मेसेजमधून हद्दपार करावेत, कारण आमंत्रण पुढे पाठवलं जातं आणि मिळणाऱ्याचा ‘उद्या’ वेगळा असतो.

ग्रहण असेल तर मात्र एक वाक्य वाढवावं लागतं. २०२३ची कोजागिरी २८ ऑक्टोबरला, शनिवारी आली होती. सुट्टीचा दिवस, सगळे खूश. त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. पहाटे एक वाजून पाच मिनिटांनी सुरू होऊन ते सव्वादोनच्या पुढे संपलं, आणि चंद्राचा जेमतेम एक कोपरा झाकला गेला. पण ग्रहणाचे वेध दुपारपासूनच लागतात, आणि वेधात दूध प्यायचं की नाही यावर अनेक घरांत सासू-सुनांची दोन मतं पडली. अशा वर्षी यजमानाने कोणाची श्रद्धा तपासत बसू नये. “दूध आहे, ज्यांना वेध पाळायचे आहेत त्यांनी नुसत्या कवितांना यावं” इतकं लिहिलं की दोघांचीही सोय होते. यंदाच्या कोजागिरीला ग्रहण नाही.

आता वेळ. इथे चंद्राचं वेळापत्रक आणि माणसांचं वेळापत्रक यांची सांगड घालायची असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या आगेमागे उगवतो, म्हणजे पुण्यात २५ तारखेला संध्याकाळी सहाच्या आतच तो पूर्वेला असेल. पण क्षितिजालगतचा चंद्र शहरातल्या गच्चीवरून दिसतोच असं नाही, समोर इमारत असते. यावर एक साधा उपाय आहे. हात पूर्ण लांब करून मूठ वळा. ती मूठ आकाशात साधारण दहा अंश जागा व्यापते. पूर्वेकडची इमारत गच्चीच्या कठड्यापासून तीन मुठी उंच दिसत असेल, तर चंद्र तिच्यावर यायला तीस अंश चढावा लागेल. तो तासाला चौदा अंशांच्या आसपास वर येतो. म्हणजे उगवल्यापासून दोन-सव्वादोन तास. साडेसातला पाहुणे बोलावून आठपर्यंत समोरच्या टॉवरच्या एसीचे डबे पाहत बसण्यापेक्षा आदल्या आठवड्यात एकदा गच्चीवर जाऊन मुठी मोजाव्यात.

माणसांच्या बाजूने दोन अडचणी. एक म्हणजे आश्विनी. पुष्कळ घरांत या संध्याकाळी थोरल्या अपत्याला ओवाळतात, नवे कपडे असतात, गोडाधोडाचं जेवण असतं. त्यामुळे आठला बोलावलेली माणसं नऊला येतात आणि यजमान मनातल्या मनात धुमसतो. दुसरी अडचण सोमवार. शनिवारची कोजागिरी दोनपर्यंत चालते, रविवारची साडेबाराला आटपावी लागते, कारण सकाळी शाळेची बस आहे. तेव्हा “जेवून, नऊ वाजता” हे दोन शब्द मेसेजच्या पहिल्या ओळीत हवेत, आणि शेवटही सांगून टाकावा. शेवट ठाऊक असला की माणसं निवांत बसतात. नाहीतर दहानंतर कुणीतरी घड्याळाकडे पाहू लागतं आणि ती लागण पसरते.

चंद्र डोक्यावर येतो बाराच्या सुमारास. ऑक्टोबरातला पूर्ण चंद्र महाराष्ट्रात जवळजवळ माथ्यावरच येतो, आणि दुधात चंद्र पाहण्याची जी रीत आहे तिचा या उंचीशी संबंध आहे. उभ्या, अर्ध्या भरलेल्या पातेल्यात तिरपा चंद्र काठाच्या सावलीत अडकतो. तो वर आला की प्रकाश सरळ आत पडतो. ज्यांना नऊ-साडेनऊलाच मुलांना दुधात चंद्र दाखवायचा आहे त्यांनी थोडं दूध पसरट परातीत ओतावं. आणि साय काढून टाकावी, सायीवर काहीही दिसत नाही. मुलं आणि ज्येष्ठ मंडळी बारापर्यंत थांबणार नाहीत हे धरून चालावं. दुधाच्या दोन फेऱ्या ठेवल्या तर कोणाचाच रसभंग होत नाही: पहिली साडेनऊला, दुसरी बाराला.

दुधाकडे वळू, कारण इथे खरे अपघात होतात.

वीस माणसं. चहाच्या मोठ्या कपाएवढं, म्हणजे दीडशे मिलीलिटर दूध प्रत्येकी धरलं तर तीन लिटर. निम्मे लोक दुसऱ्या फेरीत थोडं थोडं पुन्हा घेतात, तो एक लिटर. चार लिटर तयार दूध हवं. आटवताना पाचातलं एक लिटर उडतं, म्हणून म्हशीचं किंवा चांगलं फुलक्रीम दूध पाच लिटर घ्यायचं. गाईचं घेतलं तर जास्त आटवावं लागेल. बासुंदी करायची नाही हे लक्षात ठेवावं. मसाला दूध पेल्यातून पिता आलं पाहिजे, चमच्याची गरज पडली की ते आटवणाऱ्याच्या हातून निसटलं. कोजागिरीला दुधाला मागणी इतकी असते की पुण्याच्या दूधभट्टीपासून गल्लीतल्या डेअरीपर्यंत भाव चढतात आणि संध्याकाळी सातला नेमकं फुलक्रीम संपलेलं असतं. गवळ्याला किंवा डेअरीवाल्याला शुक्रवारीच सांगून ठेवावं.

पातेलं आठ लिटरचं, जाड बुडाचं. पाच लिटर दूध घरच्या गॅसला उकळायला अर्धा तास लागतो आणि लिटरभर आटायला आणखी अर्धा-पाऊण तास. हे काम गच्चीवर करायची हौस अनेकांना असते. शेगडी वर न्यायची, चांदण्यात दूध उकळायचं. चित्र सुंदर आहे. पण चौथ्या मजल्याच्या वाऱ्यात ज्योत एका बाजूला कलते, दूध उकळत नाही, एका बाजूने मात्र बुडाला लागतं. शिवाय गच्चीवर सिलिंडर न्यायला बऱ्याच सोसायट्या परवानगी देत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. दूध घरात आटवावं, साखर-मसाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा थर्मासमध्ये वर न्यावं. उघडं पातेलं दोघांनी धरून जिन्याने नेण्याचा प्रयोग झाला की तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात वेलदोड्याचा वास आठवडाभर राहतो.

साखर लिटरला ऐंशी ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला चारशे. जास्त गोड खाणाऱ्या घरांत पाचशे. त्याआधी एक लिटरभर बिनसाखरेचं बाजूला काढायचं. वीस माणसांत मधुमेह असलेली तीन-चार तरी निघतात, आणि ती मागत नाहीत, नुसता पेला हातात धरून बसतात. मसाला लिटरला पंचवीस ग्रॅम धरला की सव्वाशे ग्रॅम होतो. बदाम अर्धा, उरलेल्यात काजू, पिस्ते, थोडी चारोळी. पंधरा-वीस वेलदोडे. बदाम-काजू मिक्सरमध्ये एका दमात फिरवले तर तेल सुटून त्यांचा लगदा होतो, म्हणून चार चमचे साखर घालून थांबत-थांबत फिरवायचे, रवाळ ठेवायचे. केशराच्या काड्या कोमट दुधात वीस मिनिटं भिजवून मग पातेल्यात. थेट उकळीत टाकलं तर रंग येतो, वास उडतो.

जायफळाबद्दल एक वाक्य जास्त. पाच लिटरला पाव जायफळ पुरतं, किसणीवर किसलेलं. अर्धं घातलं की दूध कडवट लागतं, आणि जायफळ झोप आणतं अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. रात्र जागरणाची, हे विसरून सढळ हाताने जायफळ किसणाऱ्या काकू प्रत्येक मंडळात एक तरी असतात.

दूध लागलंच तर? वास आला की लगेच गॅस बंद. तळ खरवडायचा नाही, डाव खालपर्यंत घालायचा नाही. वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. तळाशी राहिलेलं दोन-तीन वाट्या दूध गेलं असं समजायचं. खरवडलं की करपट वास सगळ्यात जातो आणि तो मग कुठल्याच वेलदोड्याने झाकला जात नाही. दूध फाटण्याची कारणं निराळी. सकाळचं उरलेलं आणि संध्याकाळचं ताजं एकत्र करणं हे पहिलं, आदल्या दिवशी ताकाला वापरलेलं भांडं नीट न घासणं हे दुसरं. शंका असेल तर आधी वाटीभर दूध वेगळं उकळून पाहावं. पाच लिटर फाटण्यापेक्षा वाटीभर फाटलेलं बरं. चांदण्यात दूध ठेवायची रीत पाळायची असेल तर एक वाडगाभर ठेवावं, वर पातळ मलमल बांधावी. सगळं पातेलं उघड्यावर ठेवून रात्रभराने पिणं ऑक्टोबरच्या उकाड्यात शहाणपणाचं नाही.

दुधाबरोबर काय? नुसतं गोड दोन तास चालत नाही. भेळ, चिवडा, बटाटेवडे असं तिखटमिठाचं काहीतरी लागतं. मेसेजमध्ये “काहीतरी आणा” लिहिलं तर चौघे वेफर्सची पाकिटं आणतात. माणसाच्या नावापुढे पदार्थ लिहावा. रागावत कुणी नाही. नेमकं सांगितलेलं माणसांना सोपं जातं.

आता कविता. ‘कवितांची मैफल’ या शब्दांनी निम्मी माणसं घाबरतात आणि दोन माणसं वही घेऊन येतात. घाबरणाऱ्यांना वाटतं आपल्याला कवितेतलं कळत नाही. वहीवाल्यांना वाटतं सगळ्यांनाच कळतं. दोघांसाठीही मेसेजमधली एक ओळ पुरते: “प्रत्येकाने एकच कविता, दुसऱ्या कोणाची तरी, दोन मिनिटांत संपणारी.”

‘दुसऱ्या कोणाची’ ही अट मला सगळ्यात मोलाची वाटते. स्वतःची कविता वाचणाऱ्याला दाद हवी असते आणि ती मित्रांना द्यावीच लागते. दुसऱ्याची वाचणारा मात्र नुसता वाचतो, आणि ऐकणाराही मोकळा होतो. महाराष्ट्रात कविता ऐकण्याची सवय लागली त्याला कवींनी स्वतः केलेले कष्ट कारण आहेत. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ सुरू झालं. त्यातल्या यशवंत-गिरीशांनी आपल्या कविता गाऊन लोकांपर्यंत नेल्या. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव काव्यवाचनाचे कार्यक्रम केले आणि सभागृहं भरवली. त्यांचं वाचन कसलेलं होतं. आपल्या गच्चीवर ते नसणार, तेव्हा निदान त्यांच्यासारख्यांच्या कविता असाव्यात. ज्यांना स्वतःचं वाचायचंच आहे त्यांची दुसरी फेरी अकरानंतर. तोवर ज्यांना जायचं ते गेलेले असतात.

दोन मिनिटं म्हणजे किती? छापील पुस्तकात पानभराची कविता, साधारण सोळा ते वीस ओळी, सावकाश वाचली तर दीड-दोन मिनिटं घेते. वीसातले बारा जण वाचतील असं धरा. प्रत्येकी दोन मिनिटं वाचन, दोन मिनिटं “कुणाची रे ही?”, “पुन्हा शेवट वाच ना”, एवढी बोलाचाली. पन्नास मिनिटं झाली. दहाला सुरुवात केली तर अकरा वाजतात. एवढंच पुरे. काव्यवाचन कंटाळवाणं होतं ते कवितांमुळे नाही, पन्नास मिनिटांचं दोन तास झाल्यामुळे.

चंद्र समोर असला की सगळ्यांना चंद्राचीच कविता आठवते, आणि मग एकच कविता तिघे आणतात. म्हणून उत्तर देताना कवीचं नाव ग्रुपवर लिहायला सांगावं. बोरकर कोणी घेतले हे दिसलं की दुसरा इंदिरा संतांकडे वळतो, तिसरा महानोरांकडे. विषय चंद्राचा नसला तरी बिघडत नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या चंद्राविना चांगल्या चालतात. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या रचना ऐकून त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या, आणि अत्र्यांच्या आग्रहामुळे १९५२ साली पुस्तक निघालं. हे दोन वाक्यांत सांगून कविता वाचली तर ती ऐकणाऱ्याच्या जास्त जवळ येते. इतकीच प्रस्तावना. चार वाक्यांच्या पुढे गेली की कविता बिचारी वाट पाहत राहते.

आणि विदर्भ-खानदेशातली कुणी आजी, मावशी गच्चीवर असेल तर तिला कविता मागूच नये. तिला भुलाबाईचं गाणं म्हणायला सांगावं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर तिकडे मुली घरोघरी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात आणि खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. कोजागिरी हा त्याचा शेवटचा दिवस. म्हणजे दूध-कवितेचा बेत आपल्याला नवा वाटत असला तरी या रात्री गाणं आधीपासून आहेच. ज्या मुलींना सासर-माहेरची ती गाणी पाठ नाहीत त्याही तिसऱ्या ओळीला टाळ्या धरतात.

वाचायचं कशावरून, हाही प्रश्न आहे. पौर्णिमेचं चांदणं इतकं लख्ख वाटतं की त्यात सगळं वाचता येईल असा भास होतो. पुस्तकातला बारीक टाइप वाचता येत नाही. मग मोबाइल निघतो, आणि त्याच्या पांढऱ्या उजेडाने वाचणाऱ्याचे आणि शेजारच्याचे डोळे दिपतात. अंधाराला पुन्हा नीट सरावायला पंधरा-वीस मिनिटं जातात. पाठ असेल तर उत्तम. नसेल तर कागदावर ठळक, मोठ्या अक्षरांत लिहून आणावी आणि वाचणाऱ्याच्या मागे एक पिवळा मंद दिवा ठेवावा. गच्चीवरचा हॅलोजन मात्र बंदच हवा. तो कुठल्या बटणावर आहे हे वॉचमनला आधी विचारून ठेवा, कारण रात्री नऊला ते बटण कुणालाच सापडत नाही.

माइक नको. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, आणि काही ठरावीक दिवसांना मिळणारी सूट आपल्या गच्चीला लागू असेल असं गृहीत धरू नये. वीस माणसं गोल बसली तर माइक लागतही नाही. ज्याला ऐकू येत नाही तो पुढे सरकतो. सेक्रेटरीला किती माणसं आणि किती वाजेपर्यंत हे सांगून गच्चीची किल्ली शनिवारीच घेऊन ठेवायची. मुलं असतील तर कठड्याची उंची आणि पाण्याच्या टाकीची शिडी या दोन गोष्टी दिवसाउजेडी पाहून घ्यायच्या.

एवढा हिशेब झाला की मेसेज लिहायला पाच मिनिटं लागतात. तो बुधवारी पाठवावा. त्याआधी पाठवला तर दसऱ्याच्या शुभेच्छांच्या चित्रांखाली बुडतो, शनिवारी पाठवला तर लोकांचे दुसरे बेत ठरलेले असतात. मी लिहिला असता तो असा:

“मंडळी, कोजागिरीला आमच्या गच्चीवर या. रविवार, २५ ऑक्टोबर. जेवून या, नऊ वाजता. साडेबाराला आटपू, सोमवार आहे. मुलांना जरूर आणा, त्यांचं दूध साडेनऊला. आपलं दुसरं बाराला, चंद्र डोक्यावर आला की. बिनसाखरेचं वेगळं आहे. दूध चालत नसेल तर सांगा, कोकम सरबत करते.

दहा ते अकरा कविता. एकाने एकच, दुसऱ्या कोणाची तरी, दोन मिनिटांची. कवीचं नाव इथे लिहा म्हणजे तीच दोघांची होणार नाही. नुसतं ऐकायलाही या. स्वतःची असेल तर अकरानंतर, हक्काने. मोबाइलवरून वाचायची नाही, कागदावर मोठ्या अक्षरात आणा.

भेळ आणि चिवडा कोण आणतंय ते खाली लिहा. पेले प्रत्येकाने आपापले, स्टीलचे. शाल आणा, दव पडतं. लिफ्ट चौथ्यापर्यंत, पुढे एक जिना. ढग असले तर घरातच बसू, कविता त्याच. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत आकडा कळवा, दूध सांगायचं आहे.”

याहून लांब करू नये. ‘आकडा कळवा, दूध सांगायचं आहे’ या ओळीचा उपयोग विलक्षण होतो. ‘कृपया उपस्थिती कळवावी’ला कुणी उत्तर देत नाही, पण आपल्यामुळे दूध कमी पडेल म्हटलं की माणसं पटकन बोलतात. आपापले पेले आणा हे सांगायला काही जण संकोचतात. वीस पेले मध्यरात्री सायीसकट कोण घासतं हे ज्या घरात माहीत आहे त्या घरात संकोच होत नाही. गरम दुधाला कागदी पेलाही चालत नाही, तो पाच मिनिटांत मऊ पडतो.

ढगांची ओळ विसरू नये. ऐनवेळी आभाळ भरलं की ग्रुपवर “कॅन्सल का?” सुरू होतं, आणि पाच लिटर दूध तर सकाळीच घरात आलेलं असतं. आधी लिहून ठेवलं असेल तर तो प्रश्न उठत नाही. चंद्र ढगाआड असला तरी पौर्णिमेच्या रात्री आभाळ काळंकुट्ट नसतं, आणि ढग बहुधा तासाभरात सरकतात. दर अर्ध्या तासाने एका मुलाला वर पाठवावं. मुलांना हे काम फार आवडतं.

दुसरा मेसेज रविवारी दुपारी चारला, दोनच ओळींचा: “नऊ वाजता, जेवून. कागद आणि शाल.” यात इमोजी कितीही घाला.

त्यावर कुणीतरी नक्की विचारेल, “मी साडेअकराला आलो तर चालेल का?” चालेल म्हणावं. दुसऱ्या फेरीचं दूध शिल्लक असतं, आणि वहीवाल्या मित्राला श्रोता लागतोच. शेवटी चार-सहा वाट्या दूध उरलं तर गार करून रात्रीच फ्रिजमध्ये टाकावं. सकाळी त्यात भिजवलेल्या शेवया घातल्या की डब्याला खीर होते. आठ लिटरचं पातेलं शेजारून आणलेलं असेल तर ते सोमवारीच परत करावं, कारण दोन आठवड्यांवर दिवाळी आहे आणि त्यांना ते चिवड्याला लागणार आहे.